शिफ्ट बदला, पण दोन दिवस आधी सांगा

रात्री नऊच्या सुमाराला फोनवर मेसेज येतो, "उद्या फर्स्टला या." चाकण, रांजणगाव, भोसरी, वाळूज, सातपूर अशा कुठल्याही औद्योगिक पट्ट्यात पाळीने काम करणाऱ्या माणसाला हा मेसेज नवा नाही. पाठवणाऱ्याच्या दृष्टीने काम एका ओळीत संपलेलं असतं. ज्याला तो मिळतो त्याच्या घरात मात्र त्यानंतर फोनाफोनी सुरू होते. मुलाला शाळेच्या रिक्षेपर्यंत कोण सोडणार, आईला दवाखान्यात कोण नेणार, सासऱ्यांच्या सकाळच्या इंजेक्शनचं काय करायचं, याची उत्तरं रात्री नऊ वाजता शोधावी लागतात. त्या वेळी मदतीला येऊ शकणारी बहुतेक माणसं दुसऱ्या दिवशीच्या आपापल्या कामाला बांधलेली असतात.

अशा वेळी कामगारापुढे दोनच वाटा उरतात. निमूटपणे जायचं आणि घरी गैरसोय करायची, किंवा दांडी मारायची आणि पगार कापून घ्यायचा. तिसरी वाट आहे, पण ती फार कमी जण घेतात. ती म्हणजे सुपरवायझरशी नीट बोलून बदलाची सूचना आधी मागायची. "माझी शिफ्ट बदलू नका" ही मागणी वेगळी आणि "शिफ्ट बदला, पण मला आधी कळवा" ही मागणी वेगळी. पहिली उत्पादनाच्या आड येते, म्हणून ती बहुतेक वेळा फेटाळली जाते. दुसरी फक्त माहिती मागते, आणि ती माहिती पुष्कळदा कारखान्यात कुणाकडे तरी आधीच पडून असते.

हे नीट कळण्यासाठी एक नमुन्याचं उदाहरण सविस्तर पाहू.

चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग बनतात. तिथला एक सीएनसी ऑपरेटर तीन पाळ्यांत काम करतो. पहिली पाळी सकाळी 7 ते दुपारी 3, दुसरी 3 ते रात्री 11 आणि तिसरी रात्री 11 ते सकाळी 7. पाळी दर आठवड्याला फिरते. घरी आई आहे. तिचं आठवड्यातून तीनदा, सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी, सकाळी साडेआठ ते साडेबारा डायलिसिस असतं. डायलिसिस सेंटरमध्ये मशीन मोजकी आणि रुग्ण जास्त, त्यामुळे वेळ ठरलेली असते आणि ऐनवेळी बदलून मिळत नाही. एक वेळ चुकली तर शरीरात पाणी साचतं, पोटॅशियम वाढतं, धाप लागते. म्हणजे हे टाळण्यासारखं किंवा पुढे ढकलण्यासारखं काम नाही. बायको पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे आणि तिथलं रक्ताचे नमुने घेण्याचं काम सकाळी सातलाच सुरू होतं.

घराने यावर आपली व्यवस्था बसवलेली आहे. त्याची दुसरी पाळी असेल तेव्हा तो सकाळी आईला नेतो, दुपारी एकपर्यंत घरी आणतो आणि सव्वादोनची कंपनीची बस पकडतो. तिसरी पाळी असेल तेव्हा रात्रपाळी करून पावणेआठला घरी येतो, आईला सेंटरवर सोडून दोन-तीन तास झोपतो आणि साडेबाराला परत आणतो. पहिल्या पाळीच्या आठवड्यात मात्र त्याला जमत नाही. तेव्हा आळंदीहून त्याची बहीण येते. बहीण दोन घरी स्वयंपाक करते. सुट्टी हवी असेल तर त्या घरांना तिला एक दिवस आधी सांगावं लागतं, नाहीतर काम जातं.

ही व्यवस्था वर्षानुवर्षं चालू शकते, कारण पाळी फिरणं तिच्यात आधीच धरलेलं आहे. ती मोडते ती रात्री नऊच्या मेसेजने. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात मंगळवारी रात्री "उद्या फर्स्टला या" असं कळलं, तर बुधवारी सकाळी आईला न्यायला कुणीच नसतं. शिवाय मंगळवारी रात्री अकराला सुटून बुधवारी सकाळी सातला पुन्हा मशीनवर उभं राहायचं, म्हणजे बसचा वेळ वजा जाता झोपेला जेमतेम पाच तास उरतात. त्या अवस्थेत माप चुकतं आणि माल रिजेक्ट होतो.

अशा माणसाने सुपरवायझरकडे जाण्याआधी एक काम करायला हवं. एका वहीत चार आठवडे नोंद ठेवायची. प्रत्येक बदलासाठी पाच गोष्टी लिहायच्या: बदल कुठल्या तारखेचा, कळला कधी, कुठल्या पाळीतून कुठल्या पाळीत, कारण काय सांगितलं आणि घरी काय करावं लागलं. "नेहमीच आयत्या वेळी सांगतात" हे वाक्य बोलताना खरं वाटतं, पण ते ऐकणाऱ्याला सहज उडवून लावता येतं. तारखांसकटची नोंद उडवून लावता येत नाही. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे या नोंदीतून बदलांची कारणं वेगवेगळी होतात.

आपल्या ऑपरेटरच्या वहीत चार आठवड्यांत सात बदल नोंदले गेले असं धरू. त्यातले दोन कुणीतरी आयत्या वेळी गैरहजर राहिल्यामुळे झाले. एक मशीन बंद पडल्यामुळे झाला. उरलेल्या चारांपैकी दोन ग्राहक कंपनीने मालाचं वेळापत्रक बदलल्यामुळे, एक मशीनच्या ठरलेल्या देखभालीमुळे आणि एक ग्राहकाच्या ऑडिटमुळे. पहिले तीन बदल कुणालाच आधी माहीत नव्हते. पण देखभालीचं वेळापत्रक महिन्याच्या सुरुवातीलाच भिंतीवर लागलेलं होतं. ऑडिटची तारीख आठवडाभर आधी ठरली होती. ग्राहकाचं बदललेलं वेळापत्रक प्लॅनिंग विभागाकडे दोन-तीन दिवस आधी आलेलं होतं. म्हणजे सातांपैकी चार बदल असे, की ते ऑफिसात आधीच ठाऊक होते आणि कामगारापर्यंत उशिरा पोचले.

हा उशीर कुठे होतो हेही पाहण्यासारखं आहे. प्लॅनिंगला ग्राहकाची मागणी कळते. प्लॅनिंग ती उत्पादन विभागाला कळवतं. शिफ्ट सुपरवायझर दिवसभर चालू मालाच्या मागे असतो. उद्या कुठल्या मशीनवर कोण, हे तो संध्याकाळी दुसऱ्या पाळीची हजेरी पाहून, थोडी उसंत मिळाल्यावर ठरवतो. म्हणून मेसेज नऊला येतो. यात सुपरवायझरचा आकस नसतो. आजचा माल बाहेर काढणं हेच त्याचं पहिलं काम असतं, आणि उद्याची यादी शेवटी उरते. बऱ्याच कारखान्यांत याचा एक सरळ पुरावा सापडतो. उद्याच्या पाळीला किती ताटं लागतील हे कँटीनला आणि कुठल्या मार्गावर किती माणसं असतील हे बसवाल्याला आदल्या दिवशी दुपारीच कळवलेलं असतं. कँटीनला जे दुपारी सांगता येतं, ते कामगाराला रात्री का सांगायचं?

असाच अनुभव अमेरिकेतल्या दुकानांतही आला आहे. गॅप या कपड्यांच्या कंपनीने सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो परिसरातल्या 28 दुकानांत संशोधकांना ड्युटीच्या वेळापत्रकाचा प्रयोग करू दिला. त्याचे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. जिथे वेळा स्थिर केल्या त्या दुकानांत विक्री सुमारे 7 टक्क्यांनी आणि कामाची उत्पादकता सुमारे 5 टक्क्यांनी वाढलेली दिसली. त्याबरोबर आणखी एक गोष्ट उघड झाली. गिऱ्हाईक कमीजास्त होतं म्हणून वेळा बदलाव्या लागतात असा सर्वसाधारण समज होता. प्रत्यक्षात बराचसा गोंधळ मुख्य कार्यालयातून येत होता. माल येण्याच्या चुकलेल्या वेळा, आयत्या वेळी बदललेल्या सवलत-योजना आणि वरिष्ठांच्या भेटी ही त्याची कारणं होती. ऑडिट आणि वरच्या साहेबांची व्हिजिट यांनी शिफ्ट कशा उलटसुलट होतात हे आपल्याकडच्या कामगाराला वेगळं सांगायला नको.

नोंद हातात आली की पुढचा प्रश्न, किती आधी मागायचं? इथे "जरा लवकर सांगत चला" असं मोघम बोलू नये. सुपरवायझरच्या लेखी आठला सांगणं हेही नऊपेक्षा लवकरच असतं. आकडा आपल्या घरच्या गरजेतून काढायचा. बहिणीला कामाच्या घरी एक दिवस आधी सांगावं लागतं. बुधवारी ती यायला हवी असेल, तर मंगळवारी सकाळी स्वयंपाकाला गेल्यावर तिने तसं सांगायला हवं. त्यासाठी तिला सोमवारी संध्याकाळपर्यंत कळायला हवं. म्हणजे बुधवारची ड्युटी सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत कळली पाहिजे. ही झाली नेमकी मागणी: माहीत असलेला बदल दोन दिवस आधी, संध्याकाळी पाचच्या आत. आठवडाभर आधी मागितलं तर ते ग्राहकाच्या वेळापत्रकात बसणार नाही आणि नकार येईल. एक दिवस आधी मागितलं तर मिळूनही उपयोग नाही.

बोलायची वेळही जपून निवडावी. पाळी बदलण्याच्या अर्ध्या तासात सुपरवायझर एकाकडून कामाचा ताबा घेत असतो आणि दुसऱ्याला देत असतो. तेव्हा तो कुणाचंच ऐकत नाही. मशीनवर चार जणांसमोर विषय काढला तर त्याला ते सगळ्यांच्या वतीने केलेलं आव्हान वाटतं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिणं तर त्याहून वाईट, कारण तिथे त्याला सगळ्यांदेखत उत्तर द्यावं लागतं. "सर, उद्या पाळी संपल्यावर दहा मिनिटं पाहिजेत, ड्युटीबद्दल बोलायचंय" असं आदल्या दिवशी सांगून एकट्याने भेटणं बरं. आयत्या वेळच्या बदलाने नुकताच त्रास झालेला असेल, तर त्या दिवशी जाऊ नये. तो राग बोलण्यात येतो आणि मूळ मागणी बाजूला पडते.

संभाषण साधारण असं जाऊ शकतं.

"सर, शिफ्ट बदलायला माझी ना नाही. गेल्या महिन्यात सातदा बदलली, मी पाचदा आलो. दोनदा आलो नाही, कारण त्या दिवशी आईचं डायलिसिस होतं आणि न्यायला कुणी नव्हतं."

"अरे, पण मलाच आयत्या वेळी कळतं. मी तुला कुठून आधी सांगू?"

"मशीन बंद पडलं किंवा कुणी आलं नाही, तर तुम्हाला आधी कळणारच नाही, ते मला मान्य आहे. पण हे बघा सर, यातले चार बदल पीएमचे, ऑडिटचे आणि कस्टमरच्या प्लॅनचे होते. ते दोन दिवस आधी संध्याकाळी पाचपर्यंत सांगितलेत तर मी बहिणीला बोलावून घेतो आणि नक्की येतो."

"तुला सांगितलं की बाकीचे पण मागतील."

"मग शिफ्टची यादीच दोन दिवस आधी लावली तर? सगळ्यांना एकदम कळेल, तुम्हाला एकेकाला मेसेज करायला नको. आणि अचानक माणूस लागलाच, तर मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी मला कधीही बोलवा. सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी सकाळी तेवढं धरू नका."

या बोलण्यात चार गोष्टी घडल्या. पहिल्याच वाक्यात बदलाला विरोध नाही हे सांगितलं. न टळणारे बदल आपण होऊन बाजूला काढले, त्यामुळे सुपरवायझरची सगळ्यात मोठी अडचण संपली. आईचा आजार सांगितला, पण तेवढाच, जेवढा ड्युटीशी संबंधित आहे. आणि बदल्यात काहीतरी देऊ केलं, तेही नेमके वार सांगून. "कधीही बोलवा" असं मोघम वचन देऊ नये. ते एकदा मोडलं की पुढच्या मागणीला वजन राहत नाही.

"सगळेच मागतील" हा आक्षेप जवळजवळ प्रत्येक ठिकाणी येतो आणि तो खोटा नाही. एकाला खास वागणूक दिली तर लाइनवर कुजबुज होते आणि ज्याला ती मिळते त्यालाही पुढे त्रास होतो. म्हणून मागणी यादीच्या वेळेबद्दल असावी. आपल्या एकट्याच्या सवलतीचं रूप तिला येऊ देऊ नये. आपल्यासारखी अडचण असलेले दोन-तीन सहकारी असतील तर त्यांच्याशी आधी बोलून ठेवावं. एकमेकांच्या अडचणीचे वार वेगळे असतील, तर अचानक माणूस लागल्यावर कोण कधी येऊ शकतो याची छोटी यादीही त्यांना करून देता येते. गैरहजेरीमुळे होणाऱ्या बदलांवर ही यादी चांगला उपाय आहे.

सुपरवायझर बहुतेक वेळा "बघू" म्हणतो. तो नकारही नसतो आणि होकारही नसतो. तेव्हा लगेच मुदत घालून घ्यावी: "एक महिना करून बघू का सर? पुढच्या महिन्यात परत बोलू." मग त्याच संध्याकाळी त्याला वैयक्तिक मेसेज पाठवावा. तो इतका साधा असावा:

"सर, आज वेळ दिल्याबद्दल धन्यवाद. ठरल्याप्रमाणे, आधी माहीत असलेला शिफ्टचा बदल दोन दिवस आधी संध्याकाळी 5 पर्यंत कळवाल. अचानक गरज लागली तर मी मंगळ, गुरु, शनि येईन. महिन्याने पुन्हा बोलू."

अशा मेसेजमुळे दोघांना एकच गोष्ट आठवते. सुपरवायझर बदलला तर नव्या माणसाला दाखवायलाही ती कामी येते.

ठरलेलं टिकतं का, हे पुन्हा वहीतूनच कळतं. सुरुवातीचे दोन आठवडे यादी वेळेवर लागते आणि नंतर हळूहळू पाचची वेळ सातवर, सातची नऊवर सरकते, असं पुष्कळदा होतं. प्रत्येक बदल किती तास आधी कळला हे लिहीत राहिलं, तर ही घसरण लवकर दिसते आणि महिन्याने बोलताना आठवणीवर विसंबावं लागत नाही. आणखी एक धोका ओळखता यायला हवा. "तुला सोपं जावं म्हणून कायम रात्रपाळी देतो," असा तोडगा कधी कधी पुढे येतो. वरवर तो सोयीचा वाटतो, पण आपण कायम पाळी मागितलेली नसते. तसं स्पष्ट सांगून मूळ मागणीवर यावं.

आता कायद्याबद्दल. कामाच्या वेळांचा फलक कारखान्यात लावणं मालकावर 1948 च्या कारखाने कायद्याने बंधनकारक होतं. त्या फलकात बदल करावा लागेल असा कामाच्या पद्धतीतला बदल आधी निरीक्षकाला कळवावा लागत असे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी ही चौकट पुढे चालू ठेवली आहे. स्थायी आदेशांत बसत नसेल अशा रीतीने पाळीपद्धत सुरू करायची, बदलायची किंवा बंद करायची असेल, तर कामगारांना 21 दिवस आधी नोटीस द्यावी लागते. ही तरतूद 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे.

पण या तरतुदींची मर्यादा समजून घ्यायला हवी. त्या कारखान्याच्या पाळीपद्धतीला लागू होतात. एका कामगाराला उद्यापुरतं दुसऱ्या पाळीतून पहिल्या पाळीत टाकलं, तर त्यासाठी 21 दिवसांची नोटीस लागत नाही. अमेरिकेत सिअॅटल शहराने 2017 पासून मोठी दुकानं आणि खाद्यगृहं यांच्यासाठी 14 दिवस आधी वेळापत्रक देणं सक्तीचं केलं. ऑरेगन राज्याने 2018 मध्ये 7 दिवसांपासून सुरुवात करून 2020 मध्ये ती मुदत 14 दिवसांवर नेली. तिथे जो हक्क कायद्याने मिळतो, तो आपल्याकडे बोलून, लिहून आणि स्थायी आदेशांत किंवा युनियनच्या करारात घालून मिळवावा लागतो. म्हणून सुपरवायझरकडे जाण्याआधी आपल्या कारखान्याचे स्थायी आदेश आणि चालू करार यांत पाळी बदलाबद्दल काय लिहिलंय ते वाचावं. पुष्कळदा तिथे सूचनेची मुदत लिहिलेली असते आणि ती कुणीच पाळत नसतं. तसं असेल तर आपल्याला नवीन काही मागावंच लागत नाही.

महिन्यानंतरही काही हललं नाही तर वर जावं, पण क्रमाने. आधी सुपरवायझरला सांगून उत्पादन व्यवस्थापक किंवा एचआर, मग युनियन. जिथे युनियन नाही तिथे तक्रार निवारण समिती आहे. 20 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत ती असणं संहितेने बंधनकारक केलं आहे, आणि तिच्यात मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी सारखे असतात. चार आठवड्यांची नोंद आणि तो छोटा मेसेज तिथे पुढे ठेवता येतो.

कंत्राटी कामगाराची स्थिती जास्त अवघड आहे. त्याची पाळी कंपनीचा सुपरवायझर ठरवतो आणि हजेरी कंत्राटदाराचा माणूस लावतो. दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. त्याने मागणी एकाच वेळी दोघांना कळवावी आणि शक्यतो दोघेही समोर असताना बोलावं. काम सहज जाऊ शकतं, ही भीती त्याच्या बाबतीत खरी आहे. म्हणून एकट्याने जाण्यापेक्षा चार-पाच जणांनी मिळून यादीची वेळ मागणं त्याला सुरक्षित पडतं.

सुपरवायझर वाचत असतील तर त्यांनाही एक विनंती. उद्याची आणि परवाची यादी संध्याकाळी पाचला लावायची सवय ठेवा, मग ती अपुरी असली तरी चालेल. जी नावं पक्की आहेत ती लिहा, जी नाहीत त्यांच्यापुढे "ठरायचं आहे" असं लिहा. ज्याच्या नावापुढे काही ठरलेलं नाही, तो निदान घरी सांगून तरी ठेवतो. घरची व्यवस्था लावून आलेला माणूस वेळेवर येतो आणि मशीनवर लक्ष देऊन उभा राहतो. जी माहिती दुपारी तुमच्याकडे आली आहे, ती रात्रीपर्यंत धरून ठेवू नका.